जाहिरातीतली आई

बरीच वर्षं मी मालिकांचे संवाद लिहीत होते. मग मालिका बंद झाली. मालिका बंद होते तेव्हा फोन करून कुणी सांगत नाही, पुढच्या भागांची गोष्ट यायची थांबते एवढंच. थोडे दिवस वाट पाहिल्यावर माझ्याही ते लक्षात आलं. त्यानंतर मी छोट्या धंद्यांच्या जाहिरातींचं लिखाण सुरू केलं. डोंबिवलीत दातांचे दवाखाने, बुद्धिबळाचे क्लास, मोडी शिकवणारे, वजन उतरवून देणारे असे पुष्कळ लोक आहेत, आणि प्रत्येकाला मोबाईलवर उभा दिसेल असा एक मिनिटाचा व्हिडिओ हवा असतो. बोलायचं म्हटलं तर एका मिनिटात जेमतेम सव्वाशे शब्द बसतात. माझ्या मालिकेतली सासू दार उघडून आत येईपर्यंत तेवढे बोलून टाकायची. त्यामुळे पहिले काही महिने मला जड गेले.

माजिवड्याच्या डबेवाल्या काकूंचं काम मला एका ओळखीतून मिळालं. फोन त्यांच्या सुनेने केला. ती कॉमर्स झालेली, बोलण्यात चटपटीत. म्हणाली, "मॅडम, आपला घरगुती डब्याचा बिझनेस आहे. ऑफिसवाले कस्टमर. त्यांनी महिन्याचं सबस्क्रिप्शन घ्यावं असा व्हिडिओ पाहिजे. रडायला आलं पाहिजे."

मी विचारलं, "कुणाला?"

"बघणाऱ्याला," ती म्हणाली.

त्यांचं घर हायवेच्या मागच्या जुन्या वस्तीत होतं. काकू मूळच्या तिथल्याच. सासऱ्यांची भातशेती होती तिथे आता टॉवर उभे होते. त्या टॉवरमध्ये आणि आसपासच्या ऑफिसांमध्ये लांबून आलेली मुलं कामाला होती आणि भाड्याने राहत होती. आपल्याच शेतात लोक उपाशी बसलेत हे बघवेना, म्हणून काकूंनी डबे सुरू केले, असं सुनेने मला सांगितलं. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "असा काय नाय. खालचा गाळा रिकामा होता."

त्या गाळ्यातच स्वयंपाकघर होतं. एका ओट्यावर तीन बायका पोळ्या लाटत होत्या, पलीकडे मोठ्या पातेल्यात आमटी उकळत होती, आणि भिंतीला लागून स्टीलचे डबे थरांनी रचलेले होते. काकू एका स्टुलावर बसून फ्लॉवरचे तुरे काढत होत्या. साठीच्या असतील. नाकात मोठी चमकी, अंगावर सुती साडी, आणि चेहऱ्यावर बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा भाव.

सुनेने अडचण समजावून सांगितली. लोक सकाळी उठून मेसेज करायचे, आज डबा पाठवा. कधी पुष्कळ, कधी मोजकेच. डाळ आदल्या रात्री भिजवायची असते आणि भाजी पहाटे आणायची असते, त्यामुळे एक तर उरायचं नाहीतर पुरायचं नाही. महिन्याचं लावलेले लोक असले की रात्रीच कळतं उद्या किती शिजवायचं. ज्याला सुट्टी घ्यायचीय त्याने आदल्या रात्री आठपर्यंत कळवायचं, तो दिवस पुढे धरला जायचा. हे सगळं सरळ होतं. पण सुनेचं म्हणणं, सरळ गोष्टीसाठी कुणी व्हिडिओवर थांबत नाही.

"पहिल्या तीन सेकंदांत पकडलं नाही तर बोट वर जातं, मॅडम," ती म्हणाली. "आणि पकडायला आईशिवाय दुसरं काय आहे?"

आई या विषयात माझा हात बसलेला होता. मी घरी गेले आणि दोन रकाने आखून स्क्रिप्ट लिहिली. डावीकडे दृश्य, उजवीकडे आवाज. अंधारलेली खोली, एक तरुण थंड झालेलं पाकीटबंद जेवण समोर घेऊन बसलाय, खिडकीबाहेर शहराचे दिवे. फोनवर आईचा फोटो उजळतो. तो फोन उचलत नाही, कारण आई विचारणार, जेवलास का. मग दारावरची बेल. डबा. झाकण उघडतं, वाफ. पहिला घास, आणि तो फोन उचलून म्हणतो, "आई, जेवलो. तुझ्या हातचं." त्यापुढे सोयी: दुपारचा डबा किंवा दोन्ही वेळचा, आधी तीन दिवस चव बघा, मग महिन्याचं लावा. सगळ्यात शेवटी व्हॉट्सॅपचा नंबर आणि खाली बारीक अक्षरात अन्न परवान्याचा नंबर.

दोन दिवसांनी मी ती गाळ्यात वाचून दाखवली. लाटण्यांचा आवाज थांबला. एका बाईने पदराने डोळे टिपले. सून म्हणाली, "एक नंबर." मग सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं.

काकू म्हणाल्या, "याची आईस हाय ना घरी?"

"आहे," मी म्हटलं.

"जित्ती?"

"हो, फोनवर येते ना ती."

"मग मना कशाला याची आईस करता?"

सून म्हणाली, "मम्मी, ती भावना आहे."

"मना दोन पोरं हायत. तेवढी पुरं," काकू म्हणाल्या. "आन तुझ्या हातचं बोलतो तो. तिच्या हातचं कुठं हाय? माझ्या हातचं हाय." मग लाटणाऱ्या बायकांकडे बघून त्यांनी दुरुस्ती केली. "यांच्या हातचं हाय."

त्यात चूक काही नव्हतं. पण व्हिडिओचा कारभार सुनेकडे होता, आणि सुनेला रडणारा मुलगा हवा होता. स्क्रिप्ट ठरली.

त्या मुलाच्या कामासाठी नट परवडणार नव्हता आणि सुनेला खरा कस्टमरच पाहिजे होता, कारण खऱ्यावर लोक विश्वास ठेवतात. तिने एक निवडला. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत हिशेब बघणारा, मूळचा जळगावचा, डोंबिवलीत दोन मित्रांबरोबर भाड्याने राहणारा, दुपारचा डबा ऑफिसात घेणारा. दिसायला बरा होता. चेहऱ्यावर थोडी उपासमार होती, ती मुळातलीच असावी.

शूटिंग गाळ्याच्या वरच्या मजल्यावर, काकूंच्या घरी झालं. सुनेच्या ओळखीतला एक कॅमेरावाला आला, त्याने खिडकीला काळा कपडा लावून दिवसाची रात्र केली. मुलगा खुर्चीवर बसला, घास घेतला आणि म्हणाला, "आई. जेवलो. तुझ्या हातचं." तो हे अशा आवाजात म्हणाला की जणू स्टेशनवर गाडीची घोषणा करतोय. आम्ही परत घेतलं. परत घोषणा झाली. सून म्हणाली, "जरा आईला आठवा ना." त्याने डोळे मिटले, आठवलं आणि म्हणाला, "आठवलं. पण मग ते वाक्य येत नाही."

मी कॅमेरावाल्याला कॅमेरा चालू ठेवायला सांगितला. मालिकेत मी एवढं शिकले होते, की वाक्य येत नसेल तर बहुतेक वेळा वाक्याचंच काहीतरी चुकलेलं असतं. मी त्याला विचारलं, "तुम्ही महिन्याचं का लावलंत?"

तो म्हणाला, "माझी आई बँकेत होती. स्वयंपाकाची तिला आवड नव्हती. भाजी रोज करपायची. इथली करपत नाही. म्हणून लावलं."

एवढं बोलून त्याने पुढचा घास घेतला आणि नीट चावून खाल्ला. कॅमेरावाल्याचे खांदे हलत होते. दारात उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "हा बरोबर बोलला."

सुनेने दोन्ही व्हिडिओ बनवून घेतले आणि घरात, नात्यात, मैत्रिणींत दाखवले. घोषणेचा व्हिडिओ लोक अर्ध्यात सोडत होते. करपलेल्या भाजीचा शेवटपर्यंत बघत होते आणि परत लावत होते. ती व्यवहारी मुलगी. रडण्याचा हट्ट तिने तिथेच सोडला. मी मुलाला फोन करून विचारलं, हे टाकलं तर चालेल ना, तुमच्या आईला काही वाटणार नाही ना. तो म्हणाला, "टाका. आई इन्स्टाग्रामवर नाही."

आम्ही टाकला. आवाज बंद ठेवून बघणाऱ्यांसाठी खाली अक्षरं होती, आणि "भाजी रोज करपायची" ही ओळ सुनेने पिवळ्या रंगात मोठी करून घेतली होती. व्हिडिओ बऱ्यापैकी चालला. ठाण्यातल्या ऑफिसांच्या ग्रुपवर फिरला. मेसेज येऊ लागले आणि त्यातले बरेच महिन्याचे होते. काकूंना रात्रीच आकडा कळायला लागला. मला पुढचं काम मिळालं, बदलापूरच्या एका पाळणाघराचं. मी त्यात गुंतले.

आई इन्स्टाग्रामवर नव्हती, पण निवृत्त बँक कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर होती. तिथे कुणीतरी तो व्हिडिओ टाकला, हा आपल्या मॅडमचा मुलगा ना, असं विचारून. त्यावर किती हसरे चेहरे आले ते मला नंतर कळलं. खुद्द त्या आईंनीच दाखवले.

एका सकाळी सुनेचा फोन आला. नेहमीचा चटपटीतपणा नव्हता.

"मॅडम, त्या आल्यात."

"कोण?"

"आई. करपलेल्या भाजीवाली. काल व्हिडिओखालच्या नंबरवर मेसेज आला, तीन दिवस चव बघायचीय म्हणून. पत्ता डोंबिवलीचा. मी लिहिलं, डोंबिवलीला आपली डिलिव्हरी नाही. त्या म्हणाल्या, मग मी येते. मला वाटलं असंच म्हणतायत कुणीतरी. आता खाली खुर्चीवर बसल्यात. तुम्ही या ना."

"मी येऊन काय करू?"

"लिहिलं तुम्हीच ना."

वस्तुतः ते वाक्य मी लिहिलं नव्हतं. मी लिहिलेलं वाक्य वाया गेलं होतं. पण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मी निघाले.

गाळ्यात पोचले तेव्हा त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. उंच, सडसडीत, बारीक कापलेले पांढरे केस, इस्त्रीचा पंजाबी ड्रेस, मांडीवर पर्स. पोळ्या लाटणाऱ्या बायका शाळा तपासायला साहेब आल्यासारख्या लाटत होत्या. काकू एकट्याच नेहमीसारख्या बसल्या होत्या. आज समोर गवार होती.

सुनेने ओळख करून दिली. "या लेखिका."

"बरं," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहिता."

"हो."

"मला आधी जेवू द्या. मग बोलू. उपाशीपोटी मी चिडते, आणि चिडून बोललेलं मोजलं जात नाही."

काकूंनी एक डबा उघडून त्यांच्यासमोर स्टुलावर मांडला. ताट दिलं नाही. इतरांना जसा जातो तसाच. फ्लॉवर-बटाटा, पोळ्या, आमटी, भात, काकडीची कोशिंबीर. बाईंनी आधी भाजी खाल्ली. नुसती. मग पोळीशी. गाळ्यात फक्त लाटण्यांचा आवाज होता. सून माझ्या दंडाला धरून उभी होती आणि तिला ते माहीत नव्हतं.

"चांगली आहे," बाई म्हणाल्या. "मीठ कमी आहे."

"ऑफिसवाल्यांना कमीच घालतो," काकू म्हणाल्या. "दिवसभर बसून असतात. वरून घ्यावं ज्याला पाहिजे त्यानं."

बाईंनी मान हलवली आणि कोपऱ्यातल्या वाटीतलं मीठ वरून घेतलं.

डबा पूर्ण संपवून, नळावर स्वतः हात धुऊन त्या परत बसल्या आणि माझ्याकडे वळल्या. "मी भांडायला आलेले नाही. माझी हरकत एका शब्दाला आहे."

"कुठल्या?"

"रोज. भाजी करपायची, हे खरं आहे. मी नाकारत नाही. रोज करपायची, हे खरं नाही. तुम्ही ते पिवळ्या अक्षरात घातलंय."

मी सुनेकडे बघितलं. सून डब्यांकडे बघत होती.

"तो बोलताना बोलून गेला असेल," मी म्हटलं.

"असेल. पण माझ्याबरोबर काम केलेले सगळे लोक आता ते वाचून बसलेत. मी शाखा सांभाळली आहे. त्या लोकांनी कधी माझी एन्ट्री चुकलेली पाहिली नाही."

काकूंनी गवार बाजूला ठेवली. "करपायची कशी पण?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं.

बाई म्हणाल्या, "मी वाचायचे. बँकेतून येताना लायब्ररीतून पुस्तक आणायचे. भाजी गॅसवर टाकली की ओट्यापाशी उभी राहून वाचायला लागायचे. मला वाटायचं, एक पान वाचून होईल. एका पानात भाजी होत नाही. पण तीन प्रकरणांत करपते."

"गॅस बारीक ठेवायचा," काकू म्हणाल्या.

"ठेवायचे. मग पाच प्रकरणं व्हायची."

काकू हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. म्हणाल्या, "मनाबी घरी रांधायला आवडत नाय. वर ही करते," आणि सुनेकडे बोट दाखवलं. "खाली धंदा हाय म्हणून होतं."

मग त्यांनी एकीला सांगितलं, वागळेचे डबे निघतायत ना, तर त्या हिशेबवाल्याचा डबा ठेवून दे आणि त्याला फोन कर, आज इथे येऊन जेव म्हणावं. सून म्हणाली, "मम्मी, कशाला?" काकू म्हणाल्या, "त्याचा शब्द हाय. त्यालाच इचारा."

मुलगा दुपारी बाइकवरून आला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. हेल्मेट काढून तो गाळ्यात शिरला आणि थांबला.

"कधी आलीस?"

"काल. तुझ्या मित्राने दार उघडलं. तू ऑफिसातून यायच्या आत त्याच्या खोलीत झोपले, आणि सकाळी तू उठायच्या आत निघाले. मित्राला म्हटलं, सांगू नकोस."

"का आलीस?"

"जाहिरात बघितली."

तो हेल्मेट हातात घेऊन उभा राहिला. "आई, मी असंच बोलून गेलो. त्यांना ते वाक्य पाहिजे होतं ते मला जमत नव्हतं."

"बस आणि जेव आधी," बाई म्हणाल्या.

तो जेवायला बसला. आई समोर. आम्ही सगळे काहीतरी करत असल्यासारखे उभे होतो. थोड्या वेळाने बाईंनी विचारलं, "तेव्हा कधी बोलला का नाहीस, की करपलीय म्हणून?"

"कधी?"

"लहानपणी. शाळेत असताना. केव्हाही."

त्याने पोळीचा तुकडा तसाच धरून विचार केला. "तू पण तीच खायचीस ना," तो म्हणाला. "काही न बोलता. मला वाटायचं, फ्लॉवर असाच लागतो. पुण्याला हॉस्टेलला गेलो तेव्हा पहिल्यांदा पांढरा फ्लॉवर खाल्ला. मला वाटलं, कच्चा राहिलाय. मी मेसवाल्याकडे तक्रार केली होती."

बाईंनी चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि परत लावला. "मला आवडायची ती," त्या म्हणाल्या. "करपलेली. खालची खरवड."

"मलाही आवडायची," तो म्हणाला. "पण रोज नाही ना खाता येत."

"रोज नव्हती," बाई म्हणाल्या.

इथून पुढचा अर्धा तास एका शब्दावर गेला. मी म्हटलं, आपण 'कधीतरी' करू. बाईंना ते लगेच पटलं. मुलगा म्हणाला, "कधीतरी नाही, आई. खरं सांग." बाईंनी 'कधीतरी'चा आग्रह सोडला. मी 'बऱ्याचदा' सुचवलं. मुलाला चाललं, बाईंना चाललं. पण ते परत चित्रित करायचं तर त्याने ते आईसमोर बसून म्हणायचं होतं, आणि तो पुन्हा स्टेशनवरच्या घोषणेवर गेला. शेवटी मी सुचवलं की शब्दच काढून टाकू. "भाजी रोज करपायची" यातला 'रोज' कापायचा आणि तिथे चित्रात डब्याचं झाकण उघडताना दाखवायचं, म्हणजे ओठांचा गोंधळ दिसणार नाही. खाली पिवळ्या अक्षरात "भाजी करपायची" एवढंच.

बाईंनी ते मनाशी म्हणून पाहिलं. "हं," त्या म्हणाल्या. "किती वेळा, ते ज्याचं त्याने ठरवावं."

मग सुनेने तोंड उघडलं. टाकलेला व्हिडिओ मागून बदलता येत नाही. काढून नवा टाकावा लागतो. काढला की त्याच्यावरचे बघणारे, लाईक, कमेंट सगळं जातं, परत पहिल्यापासून सुरुवात. "आता कुठे चाललाय, मॅडम. एका शब्दासाठी..."

"आणि जे व्हॉट्सॅपवर फिरतंय ते परत येणार नाही," मीही म्हटलं. ते बाईंना सांगायलाच हवं होतं.

"माहितीये मला," बाई म्हणाल्या. "गेलं ते गेलं. तुमच्या हातातलं आहे तेवढं दुरुस्त करा. नाही केलंत तरी मी काही करू शकत नाही. मी सांगायला आले होते."

सून सासूकडे बघायला लागली. काकूंनी गवारीचा एक देठ मोडला. "काढ," त्या म्हणाल्या.

सुनेने तिथेच काढला. फोनवर अंगठा ठेवताना तिचा चेहरा असा झाला होता की मला तिची खरोखर दया आली. तो तिने पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्याने केलेला आणि चाललेला उद्योग होता. बाईंनी ते पाहिलं असावं. त्या म्हणाल्या, "नवीन करायचा असेल तर माझ्याकडून घे. मी आत्ता बसते."

"तुम्ही?"

"माझ्यावर तर सगळं उभं आहे. मला काहीच बोलायला नाही हे बरोबर दिसत नाही."

कॅमेरावाला नव्हता. सुनेने आपला फोन डब्यांच्या थरावर टेकवून उभा केला. बाई खुर्चीवर बसल्या, मागे पोळ्या लाटणाऱ्या बायका. मी कागद काढला, तर म्हणाल्या, लिहून नको, मुद्दे सांगा. मी मुद्दे सांगितले. त्यांनी एक विचारला जो आमच्या पहिल्या व्हिडिओत नव्हता. "मुलगा सुट्टीला घरी आला तर त्या दिवसांचं काय?" सुनेने सांगितलं, आदल्या रात्री आठपर्यंत कळवलं की तो दिवस पुढे धरतो. "मग हे सांगायचं राहिलंच की," बाई म्हणाल्या. "मी ग्राहक असते तर हेच आधी विचारलं असतं."

मग त्या फोनकडे बघून बोलल्या. एका दमात, एकदाच. "मी त्याची आई. माझी भाजी करपायची. मुलगा आता इथे जेवतो. मी जेवून बघितलं, मीठ वरून घ्यावं लागतं, बाकी चांगलं आहे. आधी तीन दिवस चव बघा, मग महिन्याचं लावा. मुलगा घरी येणार असेल तर आदल्या रात्री आठच्या आत कळवा, ते दिवस वाया जात नाहीत. आणि तुमच्या आईला फोन करा तेव्हा जेवणाशिवाय दुसरं काहीतरी बोला. आम्हाला बाकीचीही कामं असतात."

त्यात मी पाहिजे तर काही लिहू शकले असते, पण लिहिलं नाही. फक्त मिठाचं वाक्य ठेवावं का यावर सुनेशी वाद झाला. काकू म्हणाल्या, ठेवा, खरं हाय. ते राहिलं.

तो व्हिडिओ पहिल्यापेक्षा पुष्कळ जास्त चालला. आयांनी आपापल्या मुलांना पाठवला, आणि मुलांनी आयांना, आणि दोन्हीकडून काकूंच्या नंबरवर मेसेज आले. काही आयांनी मुलाला न विचारता महिन्याचं परस्पर लावून टाकलं. निवृत्त बँक कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवरही तो पोचला. तिथे काय झालं ते बाईंनी मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "आता ठीक आहे." काही काळाने काकूंना नवीन लोक घेणं थांबवावं लागलं, कारण त्यांना दुसरा गाळा घ्यायचा नव्हता. सुनेला घ्यायचा होता. तो वाद अजून चालू आहे आणि दोघी मला वेगवेगळा फोन करतात.

त्या दिवशी संध्याकाळी मुलगा ऑफिसात परत गेला आणि बाई माझ्याबरोबर डोंबिवलीला निघाल्या. आम्ही माणकोलीच्या पुलावरून जाणारी गाडी केली. खाडीला भरती होती. बाई बराच वेळ बाहेर बघत होत्या.

"गाडीत येताना मी वाक्यं तयार केली होती," त्या म्हणाल्या. "जळगावपासून. चांगली होती. भुसावळ मागे पडेपर्यंत अगदी कडक, आणि मग प्रत्येक स्टेशनला एकेक गळत गेलं."

मी म्हटलं, "भुसावळ तर जळगावच्या पलीकडे, नागपूरच्या बाजूला ना? तुम्ही इकडे येताना..."

"हो," त्या म्हणाल्या. "आधी उलट्या गाडीत बसले होते. घाईत. भुसावळला उतरून परत आले." आणि परत बाहेर बघायला लागल्या.

थोड्या वेळाने मी विचारलं, "कुठली पुस्तकं वाचायचात?"

"मिळेल ते. रहस्यकथा जास्त. त्यामुळेच थांबता यायचं नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही ती मालिका लिहायचात ना, काकूंच्या सुनेने सांगितलं. मी बघायचे. मध्येच सोडली."

"का?"

"सासू फार बोलायची."



डोंबिवलीत शिरल्यावर त्यांनी ड्रायव्हरला फडके रोडला थांबायला सांगितलं. मुलाच्या खोलीच्या खिडकीला पेपर चिकटवलाय, म्हणाल्या, तिथे पडदे घ्यायचेत. मी घरी जाऊ शकले असते, पण त्यांच्याबरोबर उतरले. दुकानदाराने फुलाफुलांचे, निळे, चकचकीत असे पुष्कळ दाखवले. बाईंनी प्रत्येक कापड दिव्यासमोर धरून आरपार पाहिलं आणि शेवटी एक साधा मातकट रंग निवडला. दुकानदार म्हणाला, लांबीला कापून शिवून द्यायला थोडा वेळ लागेल. शेजारी एका हॉटेलात आम्ही जाऊन बसलो. बाईंनी कॉफी मागवली, पर्समधून एक पुस्तक काढलं, आणि मला म्हणाल्या, "तुमची हरकत नाही ना?"

मी म्हटलं, नाही.